व्हेरिएबल सेपरेट केल्यावर लॉगमधला मॉड जातो कुठे? आणि A निगेटिव्ह आला तर काय करायचं

प्रॉब्लेम सगळ्यांना एकाच ओळीत गाठतो. dy/dx = ky घेतलं, y सगळे डावीकडे आणि x सगळे उजवीकडे नेले, dy/y चं इंटिग्रेशन केलं आणि ln|y| = kx + C आलं, इथपर्यंत कुणाची काही तक्रार नसते, पण पुस्तकात त्याच्या खालच्याच ओळीत बिनधास्त y = Ae^(kx) लिहिलेलं असतं आणि मधला मॉड गायब. कुठे गेला, का गेला, कुणाच्या परवानगीने गेला, काही लिहिलेलं नसतं. मग काही जण मॉड शेवटपर्यंत ओढत नेतात आणि उत्तरात |y| ठेवतात, तर काही जण पुस्तकात नाही म्हणून पहिल्यापासूनच ln y लिहायला लागतात. पहिल्या पद्धतीत उत्तर अर्धवट राहतं, दुसऱ्या पद्धतीत बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं पण का बरोबर आलं ते कळत नाही, आणि एक दिवस ज्या गणितात सुरुवातीची किंमत निगेटिव्ह असते तिथे सगळं अडकतं.

अडकणं तीन प्रकारे दिसतं. एक, कॅल्क्युलेटरवर ln(-20) टाकलं की एरर. दोन, कॉन्स्टंट काढताना e^C = -20 अशी ओळ येते, आणि e चा कुठलाही घात निगेटिव्ह नसतो म्हणून पेन थांबतं, पुष्कळ जण इथे "सोल्यूशन नाही" असं लिहून मोकळे होतात, जे साफ चूक आहे. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, त्यात एरर येतच नाही, गणित गुळगुळीत सुटतं आणि उत्तर चुकीचं असतं. त्या तिसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण खाली पूर्ण करून दाखवलंय, ते नक्की बघा.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: मॉड काढल्यावर ± येतं, ते ± आणि e^C मिळून एकच कॉन्स्टंट होतो, त्याला A म्हणायचं आणि A ला पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह काहीही असायची मुभा द्यायची. मॉड असा हवेत विरत नाही, त्याच्याकडची माहिती A च्या चिन्हात जाते. पण "± आणि e^C मिळून एकच कॉन्स्टंट" हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं नाहीये, त्यात एक गोष्ट दडलेली आहे आणि खरी मजा तिथेच आहे.

मॉड मुळात येतो का

1/y चं इंटिग्रेशन ln y, हे फक्त y > 0 असताना चालतं कारण निगेटिव्ह संख्येचा लॉग (रिअलमध्ये) नसतो. पण 1/y हे फंक्शन तर y निगेटिव्ह असतानाही मजेत अस्तित्वात असतं, मग तिथे त्याचं इंटिग्रेशन काय? ln(-y) घेऊन बघा. y निगेटिव्ह म्हणजे -y पॉझिटिव्ह, लॉग घेता येतो, आणि डिफरन्शिएट केलं तर चेन रूलने 1/(-y) गुणिले -1, म्हणजे परत 1/y. म्हणजे शून्याच्या उजवीकडे ln y आणि डावीकडे ln(-y), दोन वेगळी सूत्रं, आणि ती दोन्ही एका दमात लिहायची सोय म्हणजे ln|y|. मॉड ही काही सजावट नाहीये, "y कुठल्या बाजूला आहे ते मला अजून माहीत नाही" असं तो सांगतो. आणि शून्यावर दोन्ही सूत्रं तुटतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मॉड काढतानाच्या तीन ओळी

```
ln|y| = kx + C
|y|   = e^C · e^(kx)
y     = ± e^C · e^(kx)
```

पहिल्या ओळीतून दुसरीत जाताना दोन्ही बाजू e च्या घातात टाकल्या. दुसरीतून तिसरीत जाताना मॉड उघडला. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या ओळीनंतर लगेच "लेट A = ± e^C" असं येतं आणि गाडी पुढे जाते. इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा जो फार कमी जण विचारतात: हे ± प्रत्येक x ला वेगळं असू शकत नाही का? दुसरी ओळ तर एवढंच सांगते की प्रत्येक x ला |y| ची किंमत अमुक आहे, y ची नाही. मग x = 1 ला प्लस, x = 2 ला मायनस, x = 3 ला परत प्लस असं का चालू नये? तसं चालत असेल तर ± e^C ला कॉन्स्टंट म्हणताच येणार नाही, कारण ते x बरोबर बदलणार.

चालत नाही, आणि कारण असं. y हे डिफरन्शियल इक्वेशनचं सोल्यूशन आहे म्हणजे ते डिफरन्शिएबल आहे, म्हणजे कंटिन्युअस आहे. कंटिन्युअस फंक्शनला प्लसमधून मायनसमध्ये जायचं असेल तर वाटेत कुठेतरी शून्य व्हावंच लागतं (इंटरमीडिएट व्हॅल्यू थिअरम, दुसरं काही नाही). पण दुसरी ओळ सांगते की |y| = e^C · e^(kx), आणि ही उजवी बाजू कुठल्याच x ला शून्य होत नाही. म्हणजे y ला शून्य ओलांडायला जागाच नाही. जिथे सुरू झालं त्याच बाजूला ते सोल्यूशन कायम राहणार, चिन्ह एकदा ठरलं की ठरलं. म्हणून एका सोल्यूशनसाठी ± मधलं एकच चिन्ह निवडायचं असतं आणि ते सगळ्या x ना लागू असतं, आणि म्हणूनच ± e^C ही खरोखर एक संख्या आहे. आता तिला A म्हणायचा हक्क मिळाला.

C कुठलीही रिअल संख्या असू शकते, तेव्हा e^C म्हणजे कुठलीही पॉझिटिव्ह संख्या, त्याला ± लावलं की शून्य सोडून कुठलीही संख्या. A = 5 हवा असेल तर प्लस घ्या आणि C = ln 5, A = -5 हवा असेल तर मायनस घ्या आणि C तोच ln 5.

आणि A = 0? तो इथून येत नाही, कारण e^C शून्य होत नाही. पण y = 0 हे फंक्शन मूळ इक्वेशनमध्ये घालून बघा, डावीकडे 0, उजवीकडे k गुणिले 0, बरोबर आहे. हे सोल्यूशन आपण हरवलं कधी? अगदी पहिल्या पायरीला, जेव्हा y ने भागलं. भागताना y शून्य नाही असं गृहीत धरलं होतं आणि ते लिहिलं नव्हतं. म्हणून ते वेगळं तपासून परत आणायचं, आणि नशिबाने ते A = 0 ठेवल्यावर त्याच सूत्रात बसतं, म्हणून शेवटी "A कुठलीही रिअल संख्या" असं लिहिता येतं. ही दोन कामं वेगळी आहेत हे मनात पक्कं असू द्या: मॉड काढल्यामुळे A ला निगेटिव्ह व्हायची परवानगी मिळते, आणि भागाकारात हरवलेलं सोल्यूशन परत आणल्यामुळे शून्य व्हायची. दोन्ही एकाच वाक्यात उरकल्या जातात म्हणून गोंधळ होतो.

ज्यांना अजून खात्री वाटत नाहीये त्यांच्यासाठी एक तपासणी, यात लॉगही नाही आणि मॉडही नाही. y हे dy/dx = ky चं कुठलंही सोल्यूशन घ्या आणि y·e^(-kx) हा गुणाकार डिफरन्शिएट करा. प्रॉडक्ट रूलने y'·e^(-kx) - k·y·e^(-kx) येतं, y' च्या जागी ky ठेवलं की दोन्ही पदं कटतात आणि उरतं 0. ज्याचं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे शून्य ते कॉन्स्टंट, म्हणजे y·e^(-kx) = A, झालं. A पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, शून्य, काहीही, कुणी विचारलंच नाही. मला हे प्रूफ फार आवडतं कारण मॉडची सगळी भानगड वाटेतल्या लॉगमुळे होती, इक्वेशनमध्ये ती नव्हतीच, हे यातून स्वच्छ दिसतं.

आता जे लोक पहिल्यापासून ln y लिहितात त्यांचं उत्तर तरी बरोबर का येतं? कारण कॉम्प्लेक्स संख्यांमध्ये निगेटिव्ह संख्येचा लॉग असतो, ln(-20) ची एक किंमत ln 20 + iπ आहे, आणि e^(iπ) = -1. म्हणजे C ला कॉम्प्लेक्स व्हायची मुभा दिली तर e^C निगेटिव्हही होऊ शकतो आणि मायनस चिन्ह C च्या आतच मावतं. मॉडवाल्या पद्धतीत तेच मायनस C च्या बाहेर ± म्हणून येतं. पण असं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात C रिअलच असतो, आणि रिअल C ठेवून ln y लिहिलं तर y > 0 हे गुपचूप गृहीत धरलं गेलं. पुस्तकात ln y = kx + ln A असं असेल तर तिथेही तेच, ln A मध्ये A पॉझिटिव्ह असायला लागतो, नीट लिहायचं तर ln|y| = kx + ln|A|.

एक पूर्ण केस: थंड वस्तू गरम होताना

न्यूटनचा कूलिंगचा नियम घेऊ कारण बहुतेक जण इथेच अडकतात. dT/dt = -k(T - 25), आजूबाजूचं तापमान २५ अंश सेल्सिअस. नेहमीच्या गणितात वस्तू गरम असते आणि थंड होते, T - 25 पॉझिटिव्ह, मॉड काढून टाकला तरी कुणाला काही कळत नाही. आपण उलटं घेऊ: वस्तू सुरुवातीला ५ अंशांवर आहे, १० मिनिटांनी १५ अंशांवर आली. k काढा, आणि २० मिनिटांनी तापमान किती ते सांगा.

सेपरेट केल्यावर ln|T - 25| = -kt + C. मॉड न लिहिता ln(T - 25) लिहिलं की t = 0 ला ln(-20), एरर, संपलं. मॉड लिहून वरच्या तीन ओळींनी गेलं तर

```
T - 25 = A e^(-kt)
t = 0:   5 - 25 = A        म्हणून A = -20
t = 10:  15 - 25 = -20 e^(-10k)
         e^(-10k) = 1/2,   k = (ln 2)/10 ≈ 0.0693
T = 25 - 20 e^(-kt)
```

२० मिनिटांनी e^(-20k) म्हणजे 1/2 चा वर्ग, 1/4, तेव्हा T = 25 - 5 = 20 अंश. २२ अंश व्हायला किती वेळ लागेल असं विचारलं तर 20e^(-kt) = 3, e^(-kt) = 0.15, t सुमारे 27.4 मिनिटं. कुठेही निगेटिव्हचा लॉग घ्यावा लागला नाही, कारण A ची किंमत आपण लॉग न घेता, e च्या रूपात गेल्यावर काढली. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी मॉड उघडून A लिहा, मग सुरुवातीची किंमत घाला.

आता हेच गणित अर्धवट मॉडने कसं बिघडतं बघा. एखाद्याने C लॉगच्या ओळीतच काढला, ln|5 - 25| = C म्हणजे C = ln 20, इथे मॉडमुळे एरर आली नाही. मग ln|15 - 25| = -10k + ln 20, त्यातून k = (ln 2)/10, तोही बरोबर. आणि मग शेवटी मॉड विसरून T - 25 = 20e^(-kt) लिहिलं. २० मिनिटांनी T = 25 + 5 = 30 अंश. एरर नाही, k बरोबर, आकडा दिसायला ठीकठाक, आणि उत्तर चूक, कारण २५ अंशांच्या जागेत ठेवलेली थंड वस्तू आपोआप ३० अंशांवर जाऊच शकत नाही. पकडायचं कसं? उत्तरात t = 0 घाला. 45 येतं, 5 नाही. ही तपासणी फुकट आहे, प्रत्येक वेळी करा.

± लिहायचंच नसेल तर

एक पद्धत आहे जिच्यात हा घोळ होतच नाही, आणि मी तर म्हणेन सुरुवातीची किंमत दिलेली असेल तेव्हा हीच वापरावी. C न लिहिता दोन्ही बाजूंना लिमिट लावून इंटिग्रेट करा, डावीकडे T0 पासून T पर्यंत, उजवीकडे 0 पासून t पर्यंत:

```
ln|T - 25| - ln|T0 - 25| = -kt
ln( (T - 25)/(T0 - 25) ) = -kt
```

दुसऱ्या ओळीत मॉड राजरोस काढलाय. का काढता आला? कारण वर सिद्ध केलंच आहे की T - 25 चिन्ह बदलत नाही, म्हणजे T - 25 आणि T0 - 25 यांचं चिन्ह कायम सारखं, दोन्ही प्लस नाहीतर दोन्ही मायनस, तेव्हा त्यांचा भागाकार नेहमी पॉझिटिव्ह. आपल्या केसमध्ये (15 - 25)/(5 - 25) = (-10)/(-20) = 1/2. मायनसला मायनस कटला आणि लॉगच्या आत स्वच्छ पॉझिटिव्ह संख्या उरली. A ची जागा इथे T0 - 25 ने घेतली आहे, चिन्हासकट.

एरर न येता चुकणारं गणित

आता ते वर कबूल केलेलं उदाहरण. लॉजिस्टिक इक्वेशन, dP/dt = rP(1 - P/100), r पॉझिटिव्ह, म्हणजे १०० ही कमाल क्षमता. सुरुवातीला P = 150, म्हणजे क्षमतेच्या वर. पार्शल फ्रॅक्शन केलं की डावीकडे 1/P + 1/(100 - P) येतं आणि इंटिग्रेट करून

```
ln| P/(100 - P) | = rt + C
P/(100 - P) = A e^(rt)
```

t = 0 ला A = 150/(-50) = -3. हे -3 तसंच ठेवून P साठी सोडवलं की P = 300/(3 - e^(-rt)). t = 0 ला 300/2 = 150, बरोबर, आणि वेळ जाईल तसं e^(-rt) शून्याकडे जातं आणि P वरून खाली १०० कडे येतं, जसं यायला हवं.

ज्यांनी मॉडमध्ये 150/50 = 3 काढलं आणि चिन्ह सोडून दिलं त्यांना P = 300/(3 + e^(-rt)) मिळतं. हेही शेवटी १०० कडेच जातं! म्हणून "लाँग टर्ममध्ये १०० येतंय ना, मग बरोबर" ही जी तपासणी बरेच जण करतात ती इथे काही पकडत नाही. t = 0 घातल्यावर मात्र 300/4 = 75 दिसतं. म्हणजे १५० वरून खाली येणाऱ्याच्या जागी ७५ वरून वर चढणाऱ्याचं सूत्र लिहिलं गेलं, दुसरंच सोल्यूशन, तेही तितकंच खरं, फक्त आपल्या प्रश्नाचं नाही. A चं चिन्ह इथे हेच सांगत असतं की P क्षमतेच्या खाली आहे की वर: 0 आणि १०० च्या मध्ये असेल तर A पॉझिटिव्ह, १०० च्या वर असेल तर निगेटिव्ह.

याच सूत्रात आणखी एक बघण्यासारखं आहे. 3 - e^(-rt) हा छेद t = -(ln 3)/r ला शून्य होतो, म्हणजे मागे मागे गेलं तर P अनंताकडे पळतं आणि आपलं सोल्यूशन त्या क्षणानंतरच अस्तित्वात आहे. त्याच्या आधीची t सूत्रात घातली तर P निगेटिव्ह येतं, तिथे P/(100 - P) पण निगेटिव्हच राहतं, म्हणजे A तोच -3, पण तो तुकडा आपल्या सोल्यूशनचा भाग नाहीये, मध्ये फट आहे. A सारखा म्हणून सोल्यूशन सारखं असं धरू नका, इंटरव्हल पण सांगावा लागतो. आणि हरवलेली सोल्यूशन्स इथे दोन आहेत, P = 0 आणि P = 100, त्यातलं पहिलं A = 0 ठेवून मिळतं पण दुसरं A च्या कुठल्याच किमतीने मिळत नाही, ते वेगळं लिहावंच लागतं.

मॉड कुठे काढायचा नाही

"A कुठल्याही चिन्हाचा, म्हणून मॉड काढा" हा नियम पाठ झाला की लोक सगळीकडचे मॉड काढत सुटतात, आणि हेही तितकंच महाग पडतं. मॉड जाऊ शकतो कारण कॉन्स्टंट गुणाकारात येतो आणि मायनस चिन्ह पण गुणाकारातच येतं, म्हणून एक दुसऱ्यात मावतं. लॉग उत्तरात तसाच राहिला तर कॉन्स्टंट बेरजेत असतो आणि मग काही मावत नाही. dy/dx = 1/x चं उत्तर y = ln|x| + C, यातला मॉड तसाच ठेवायचा. x = -1 ला y = 2 अशी अट असेल तर उत्तर y = ln(-x) + 2, आणि ln x + काहीतरी असं लिहून रिअलमध्ये ते कधीच मिळणार नाही, कारण x निगेटिव्ह असताना ln x ला अर्थच नाही.

दुसरी जागा म्हणजे जिथे दोन्ही बाजूंना लॉग येतात आणि घात पूर्णांक नसतो. 2x·y' = y घ्या. ln|y| = (1/2) ln|x| + C, त्यातून |y| = e^C · √|x|, आणि y = A√|x|. डावीकडचा मॉड A मध्ये गेला, उजवीकडचा मुळाच्या आत अडकलाय, तो काढता येत नाही, x निगेटिव्ह असेल तर √(-x) लिहायचं. x = -4 च्या आसपास y = A√(-x) घालून तपासा, 2x·y' बरोबर A√(-x) च येतं. x·y' = 3y मध्ये मात्र |x|³ येतो, तो एका बाजूला x³ आणि दुसऱ्या बाजूला -x³, म्हणजे फक्त चिन्हाचा फरक, तो A खातो आणि y = Ax³ लिहिता येतं.

पण "एका बाजूला" हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. चिन्ह बदलत नाही हे वरचं सगळं प्रूफ एका अखंड इंटरव्हलवरचं आहे जिथे y शून्य होत नाही आणि इक्वेशन धड आहे. x·y' = 2y घेऊ, ln|y| = 2 ln|x| + C, y = Ax². आता x ≥ 0 साठी y = 3x² आणि x < 0 साठी y = -5x² असं जोडलेलं फंक्शन बघा. शून्यावर दोन्हीकडून किंमत 0, दोन्हीकडून डेरिव्हेटिव्ह 0, म्हणजे डिफरन्शिएबल आहे, आणि x = 0 ला इक्वेशन 0 = 0 म्हणतं. हे पूर्ण रेषेवरचं अस्सल सोल्यूशन आहे, एका बाजूला A = 3, दुसऱ्या बाजूला A = -5, चिन्ह मध्येच बदललंय, आणि एका A ने ते लिहिताच येत नाही. वरचं प्रूफ चुकलं नाहीये, त्याची अट इथे तुटली: y' = 2y/x असं लिहिलं की x = 0 ला भागाकार बिघडतो, शिवाय तिथे y पण शून्य होतं, म्हणून ओलांडायला वाट मिळाली. dy/dx = ky मध्ये ही वाट कुठेच नसते म्हणून तिथे एक A पुरतो. अशा गणितात ln|x| दिसला की उत्तराच्या शेजारी x > 0 किंवा x < 0 लिहा, आणि पूर्ण रेषेवरचं उत्तर मागितलं असेल तर दोन्ही बाजूंना वेगळे कॉन्स्टंट, A1 आणि A2, ठेवून मग ते शून्यावर जुळतात का ते तपासा. x·y' = 2y मध्ये कुठलेही दोन जुळतात. x·y' = y मध्ये A1 आणि A2 सारखे असावे लागतात, नाहीतर शून्यावर कोपरा पडतो आणि तिथे डेरिव्हेटिव्हच राहत नाही.